‘जरा’ जरा चुकलं! एका शब्दाचं ठिगळ ऐकू न येता कसं लावायचं?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. दिवसा शाळा आणि रात्री घरी बसून ध्वनिपुस्तकांचं वाचन, असं माझं दोन वर्षं चाललंय. जुलैमध्ये महाभारतातल्या कथांचं एक पुस्तक वाचून दिलं. आता नोव्हेंबरात कंपनीच्या तपासणीतून एक चूक परत आली आहे. वाक्य असं आहे:

“शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला तत्काळ जरा प्राप्त झाली.”

इथे जरा म्हणजे म्हातारपण, ‘जीवन’मधला ज. मी वाचलंय ‘जरा थांब’मधलं जरा. बाकी प्रकरणात हा शब्द सहा वेळा नीट आलाय, नेमका इथेच, बाविसाव्या मिनिटाला घसरला. अडतीस मिनिटांचं प्रकरण एका शब्दासाठी पुन्हा वाचायची इच्छा नाही.

काल त्याच खोलीत, त्याच माइकवर नुसतं “जरा” म्हटलं, Audacity मध्ये जुना शब्द कापून नवा बसवला. उच्चार बरोबर आला. पण मूळ रेकॉर्डिंग भर पावसातलं आहे. खिडक्या बंद होत्या, तरी मागे बारीक सरसर आहेच. आता ऐकलं की वाटतं, ‘जरा’पुरता कुणीतरी पाऊस बंद केला आणि लगेच परत चालू केला! कुणीतरी ‘रूम टोन’, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, वापर म्हणून सुचवलं. तो नक्की कुठे आणि किती घालायचा?

कच्ची वेव्ह फाइल माझ्याकडे आहे.

शुद्धलेखन_शत्रू

म्हणजे ययातीला जराच प्राप्त झाली. बाकीची थेट पुरूला. कथा तशी बरोबरच आहे की! (दिवे घ्या)

सचोटी७७

इतकं सोपं काम आहे. दोन्हीकडचा आवाज Noise Reduction ने साफ करून टाका. मागे काही उरलंच नाही तर फरक कशाचा ऐकू येणार? रूम टोन वगैरे सिनेमावाल्यांची फॅडं.

आंबेहळद

रुमाल टाकून ठेवते. माझंही असंच एक दुखणं आहे.

कानकोंडा

बारा वर्षं माहितीपटांच्या निवेदनाचं संकलन करतोय, म्हणून थोडं सविस्तर.

सचोटी, तुमचं अर्धं बरोबर आहे. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत पाऊस साफ होईल. पण मृद्गंध बोलत असताना त्यांच्या आवाजाखालीही पाऊस आहे, आणि तो तितका सुटा निघत नाही. निघतो तेव्हा आवाजाची साल काढून नेतो, पाण्याखालून बोलल्यासारखं येतं. म्हणजे मूळ वाक्य साल निघालेलं आणि मधला एक शब्द धडधाकट. ठिगळ लपण्याऐवजी उठून दिसेल. सफाई करायचीच तर ठिगळ लावून झाल्यावर, सगळ्या फाइलवर एकदम. आवाजातले चढउतार कमी करणारा कंप्रेसर वगैरेही त्यानंतर. आधी कंप्रेस केलंत तर कंप्रेसर दोन्हीकडचा बारीक फरक वर उचलून कानासमोर धरेल.

मृद्गंध, तुमचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे. मूळ गोंगाटाचं आणि ठिगळ शांत. भर घालता येते, वजा करता येत नाही. उलट असतं, म्हणजे जुलैचं शांत आणि आताच्या ठिगळात मिक्सर चालू, तर रूम टोन काहीच करू शकला नसता.

पण त्याआधी एक गोष्ट. तुम्ही नुसता ‘जरा’ शब्द कापलात, ही खरी चूक. वाक्य सावकाश म्हणून बघा: तत्काळ जरा प्राप्त. ‘ळ’ संपून ‘ज’ सुरू होतो तिथे आवाज थांबतच नाही. दोन्ही मृदू वर्ण, गळा चालूच असतो. तिथे कात्री लावणं म्हणजे वाहत्या नळाला गाठ मारणं.

कात्री लावायची ती कठोर वर्णाच्या आधी. क, ट, त, प म्हणताना तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं आणि गळाही गप्प असतो. तेवढ्यात खोलीच काय ती ऐकू येते. तुमच्या वाक्यात उजवीकडची जागा आयती आहे, ‘प्राप्त’मधल्या प च्या आधी. डावीकडे मागे जा, तर ‘तत्काळ’मध्ये त् आणि का यांच्या मधोमध अशी फट आहे. जोडाक्षर असल्यामुळे ती जास्त लांब, शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असेल. तेव्हा बदलायचं ते ‘जरा’ नाही, ‘काळ जरा’. साधारण अर्ध्या-पाऊण सेकंदाचा तुकडा.

आणि हा तुकडा नुसता म्हणू नका. आधीची दोन वाक्यं हेडफोनवर ऐका आणि त्याच झोकात अख्खं वाक्य वाचा, “झाली”पर्यंत. असं चारपाच वेळा. मग त्यातून ‘काळ जरा’ उचला. सुटा म्हटलेला शब्द नेहमी पाटीवर लिहिल्यासारखा येतो.

मृद्गंध

‘काळ जरा’!! हे डोक्यातच आलं नव्हतं. मी शब्द म्हणजे शब्द असा विचार करत होते. आज रात्री करून बघते.

रिळवाले_काका

कानकोंडाराव, अगदी माझ्या मनातलं बोललात. आम्ही रेडिओवर टेप कापायचो तेव्हा हीच जागा शोधायचो. दोन्ही रिळं हातांनी पुढेमागे हलवायची, हेडवरून “प” चा फटका गेला की पांढऱ्या मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची. साडेसात इंचांच्या वेगाला टेप सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर धावते. तेव्हा प च्या आधीची ती गप्प जागा टेपवर साधारण एक सेंटिमीटर भरायची. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना कळायची.

ब्लेड आम्ही तिरकं चालवायचो. पाव इंची टेपवर पंचेचाळीस अंशांचा काप म्हणजे एक आवाज जाता जाता दुसरा आत येतो. तुमचा क्रॉसफेड तो हाच, तीसेक मिलिसेकंदांचा.

आणि रूम टोन म्हणाल तर, स्टुडिओत कुणी बोलत नसतानाची टेप आम्ही मुद्दाम भरून घ्यायचो आणि तिचे तुकडे खिळ्याला टांगलेले असायचे. नवीन असताना एकदा मी कोरी टेप जोडली होती, वाटलं गप्प ती गप्पच. ऐकताना तिथे खड्डा! कोऱ्या टेपला स्टुडिओही नसतो आणि भरलेल्या टेपची ती खसखसही तेवढी नसते. वरिष्ठांनी पुढच्या चहाचे पैसे माझ्याकडून घेतले.

गॅलरीतली_तुळस

माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा टोन येतो, तो कसा घालवायचा? रूमचा टोन म्हणजे तोच ना?

कानकोंडा

तुळसताई, तोच, पण इथे तो घालवायचा नाहीये, घालायचा आहे. :) तुमच्यासाठी उपाय एकच: भजन होईपर्यंत पंखा बंद.

गॅलरीतली_तुळस

मे महिन्यात बंद करून दाखवा.

हडसनकाठचा

मी न्यू जर्सीत असतो. सुट्टीत सांगलीला असताना काकांच्या आठवणी त्यांच्यासाठी वाचून रेकॉर्ड केल्या, आणि राहिलेल्या दुरुस्त्या इकडे येऊन केल्या. माइक तोच, आवाज माझाच, पातळीही जुळवली. तरी दुरुस्तीची जागा आली की खालून काहीतरी “सूर बदलल्यासारखं” होतं. दोन वर्षं झाली, कळलं नाही काय ते.

कानकोंडा

हडसनकाठचा, सांगलीत वीज ५० हर्ट्झची, तुमच्याकडे ६०. वायरीतून किंवा फ्रिजमधून जी गुणगुण येते ती सांगलीत ५०, १००, १५० वर, आणि न्यू जर्सीत ६०, १२०, १८० वर. Spectrogram, म्हणजे कोणत्या कंप्रतेचा आवाज कधी आहे त्याचं चित्र, उघडून तळाशी बघा, आडव्या बारीक रेघा दिसतील आणि दुरुस्तीच्या जागी त्या पायरीसारख्या वर सरकलेल्या असतील. खरोखरच सूर बदलतोय, जवळजवळ कोमल गंधाराइतका. तुमचे कान चांगले आहेत.

तुमच्यावर उपाय अवघड आहे. सांगलीचा टोन वर घातलात तर दोन्ही गुणगुणी एकत्र ऐकू येतील. आधी न्यू जर्सीच्या रेघा एकेक करून अरुंद फिल्टरने काढा, मग सांगलीचा टोन घाला. १२० आणि १८० वर तुमचा स्वतःचा आवाजही बसलेला असतो, त्यामुळे किती निघेल ते ऐकूनच ठरवावं लागेल.

हडसनकाठचा

म्हणजे माझी दुरुस्ती भीमपलासात आणि मूळ बिलावलात. धन्यवाद, आज झोप लागेल.

शुद्धलेखन_शत्रू

धागा भरकटतोय म्हणून मीही हातभार लावतो. जरा-जरा हा फरक लिहून का दाखवत नाही आपण? चमचा आणि चरण, जग आणि जगत. लिपीने जबाबदारी झटकली आणि वाचणाऱ्यांच्या माथी मारली.

आंबेहळद

आमच्या आजीच्या बोलण्यात दोन्ही च जवळजवळ सारखेच होते. तिच्यापुढे हा धागाच निघाला नसता.

मृद्गंध

अहवाल देते. काल रात्री वाक्य पाच वेळा वाचलं. तिसरं चांगलं आलं. ‘काळ जरा’ बरोबर सांगितलं तिथे कापून बसवलं. डावीकडचा सांधा तर मलाच सापडेना! पण दोन गोष्टी चुकल्यात.

एक, आता ‘जरा प्प्राप्त’ असं ऐकू येतंय. प ला कुणीतरी द्वित्व दिल्यासारखं.

दोन, पावसासाठी प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला दोन सेकंद शांतता आहे, तिथला पाऊस ठिगळाखाली घातला. पाऊस आता आहे, पण वेगळा पाऊस आहे. जास्त लांबचा.

कानकोंडा

पहिलं सोपं. ‘जरा’नंतर तोंड बंद होण्याची गप्प जागा तुमच्या नव्या तुकड्यातही आली आणि मूळ फाइलमध्येही राहिली. दोन्ही एकापुढे एक लागल्या, म्हणून प दुप्पट थांबला. मूळ वाक्यात ‘रा’चा स्वर संपल्यापासून प फुटेपर्यंत किती वेळ आहे ते मोजा आणि तेवढाच ठेवा. समजा सत्तर मिलिसेकंद आहे, तर पस्तीस नव्यातले आणि पस्तीस जुन्यातले. पुढचं सगळं वाक्य थोडं मागेपुढे सरकेल, सरकू द्या. चित्र नाहीये, कुणाचे ओठ जुळवायचे नाहीत.

दुसरं. बाविसाव्या मिनिटाचा पाऊस बाविसाव्या मिनिटातूनच घ्यायचा. पाऊस सारखा बदलतो, पाच मिनिटांत त्याचा रंग वेगळा होतो. या वाक्याच्या आसपास परिच्छेद संपल्यावर तुम्ही थांबला असाल. ती जागा मोठी असते, दीड सेकंद तरी. तिची सुरुवात सोडून द्या, तिथे तुमच्या शेवटच्या शब्दाची खोलीतली घुमणूक विरत असते. शेवटही सोडा, तिथे तुम्ही श्वास घेता. मधला पाऊण सेकंद मिळाला तरी तुमचं काम झालं.

लोक सांगतात एक मिनिटाचा रूम टोन हवा. लांब जागा भरायची असेल तर हवाच, नाहीतर छोटा तुकडा पुन्हापुन्हा लावला की त्याची लय ऐकू येते, धोब्याच्या दगडासारखी. तुमचं ठिगळच पाऊण सेकंदाचं आहे. एक अखंड तुकडा पुरेल. मात्र त्यात जवळ पडलेला थेंब नाही ना, ते बघून घ्या.

सचोटी७७

पण पातळी किती ठेवायची? ठिगळाखाली स्वतःचाही थोडा गोंगाट असणारच. दोन्ही मिळून दुप्पट नाही का होणार?

कानकोंडा

चांगला प्रश्न. दोन गोंगाट सारख्याच पातळीचे असतील तर बेरीज ३ डेसिबलने वर जाते, आणि तो उंचवटा ऐकू येतो. मग टोन खाली घ्यावा लागतो. पण दोघांत दहा डेसिबलचं अंतर असेल तर लहानाचं असणं नसण्यासारखंच. मृद्गंध, Analyze मेनूतलं Contrast उघडा, आधी मूळच्या पावसाचा तुकडा मोजा, मग कालच्या रेकॉर्डिंगमधली शांत जागा.

मृद्गंध

पाऊस उणे ५७. कालचं उणे ६८.

कानकोंडा

मग काहीच करू नका. पाऊस जसाच्या तसा, एक बिंदूही वरखाली न करता, वेगळ्या ट्रॅकवर ठिगळाच्या बरोब्बर खाली. बेरजेत अर्ध्या डेसिबलचाही फरक पडत नाही.

कडा महत्त्वाच्या. डावीकडे मूळचा पाऊस जिथे उतरतो तिथेच नवा चढला पाहिजे, त्याच गप्प जागेत, दहापंधरा मिलिसेकंदांत. दोन वेगवेगळे पाऊस सरळ रेषेच्या क्रॉसफेडने जोडलेत तर मधोमध ते ३ डेसिबलने खाली बसतात, म्हणून फुगीर वळणाचा, सम-शक्तीचा क्रॉसफेड घ्या. इतक्या छोट्या जागेत कानाला फरक कळणार नाही म्हणा, पण सवय चांगली.

मृद्गंध

हे सगळं केलं. पाऊस जुळला, प एकच झाला. पण... शब्दच वेगळ्या खोलीत म्हटल्यासारखा वाटतोय. खोली तीच आहे हो! माइक चार बोटं, खुर्ची तिथेच, गेनचं बटण हललेलं नाही. आवाजाला एक घंटेसारखी किनार येतेय. रूम टोनची पातळी वाढवून झाकली जाईल का?

रिळवाले_काका

ताई, एक विचारतो, राग नको. दिवाळीची साफसफाई झाली का?

मृद्गंध

काका!!!!

जुलैत पलंगावर तीन गोधड्या आणि पाहुण्यांच्या गाद्यांचा ढीग होता. गणपतीसाठी माणसं येणार म्हणून काढून ठेवलेल्या. दिवाळीला सगळं माळ्यावर गेलं. पडदेसुद्धा जाड होते, आता पातळ लावलेत.

रिळवाले_काका

मग तीच खोली कशी म्हणता? रिकामी भिंत टाळी परत देते.

कानकोंडा

काकांना साष्टांग. मी पातळ्या विचारत बसलो, मुद्द्याचं विचारलंच नाही.

मृद्गंध, टोन वाढवू नका. रूम टोन खोली गप्प असतानाचा असतो. तुम्ही बोलल्यावर खोली काय उत्तर देते, ते त्याच्यात नसतं. घुमणुकीतला फरक त्याने झाकला जात नाही, उलट पाऊस मोठा झाल्याने दुसरी चूक तयार होईल. गाद्या खाली उतरवा.

शुद्धलेखन_शत्रू

एका ज साठी तीन गोधड्या. मराठी भाषेच्या संवर्धनाला इतकं ऊबदार योगदान कुणी दिलं नसेल.

सचोटी७७

इतका खटाटोप करण्यापेक्षा अख्खं वाक्य नवं का लावत नाही? वाक्याच्या आधी-नंतर थांबा असतोच. सांधा तिथे लपवणं किती सोपं!

कानकोंडा

सांधा सोपा होतो, मान्य. पण मग चार सेकंद तुमचा नोव्हेंबरचा आवाज उघडा पडतो. मधल्या चार महिन्यांत आवाजही थोडा बदललेला असतो, रात्री अकराचा आणि सकाळी सातचा तर ओळखूच येत नाही. पाऊण सेकंदात कान तुलना करायच्या आत पुढे गेलेला असतो. शिवाय थांब्यात पाऊस बदलला तर तो नागडा ऐकू येतो. शब्दांच्या गर्दीत बदलला तर शब्दच त्याला झाकतात.

रिळवाले_काका

इथे मात्र मी सचोटीच्या बाजूने. आम्ही शक्यतो अख्खं वाक्यच घ्यायचो. वाक्याला एक श्वास असतो, एक उतार असतो. मधला तुकडा कितीही बेमालूम बसवा, वाक्य चालताना किंचित लंगडतं. ज्याला भाषा कळते त्याला ते जाणवतं, कुठे ते सांगता आलं नाही तरी.

कानकोंडा

काका, तुमच्याकडे दोन्ही वेळा स्टुडिओ तोच आणि गोधड्यांविना होता. घरच्या रेकॉर्डिंगला तो हिशेब लागू पडत नाही, असं मला वाटतं.

रिळवाले_काका

वाटू दे.

आंबेहळद

एक भाबडा प्रश्न. त्याच प्रकरणात हा शब्द सहा वेळा बरोबर आलाय म्हणे. मग तिथला उचलून इथे? खोली तीच, पाऊस तोच, गोधड्याही त्याच.

कानकोंडा

भाबडा नाही, खरं तर तो पहिला प्रश्न असायला हवा होता. मृद्गंध, बाकीच्या सहा जागा कोणत्या?

मृद्गंध

“माझी जरा घे”, हे दोनदा. “जरेने वाकलेला”, “जरेच्या भाराने”, “तुझी जरा मला नको” आणि शेवटी “जरा आणि यौवन”. उचलून बघितलं आत्ता. “माझी जरा घे”मध्ये ययाती गयावया करतोय, शब्द लांबलाय आणि चढलाय. निवेदनात बसवला तर मध्येच राजा येऊन बोलून गेल्यासारखं वाटतं. “जरा मला”मध्ये ‘रा’चा शेवट नाकात जातोय. म जवळ आला की होतंच तसं. पण बसला असता तर पावसाचा प्रश्नच नव्हता, हे खरं.

आंबेहळद

असो. निदान विचारलं.

मृद्गंध

शेवटचा अहवाल, उशिराबद्दल क्षमस्व, सहामाहीचे पेपर होते.

रविवारी माळ्यावरून गाद्या उतरवल्या. नवऱ्याने कारण विचारलं, “ज साठी” म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही. जाड पडदे परत लावले. रात्री अकराला, जुलैतल्याच वेळेला बसले. आधीची दोन वाक्यं कानात लावून सात वेळा वाचलं, पाचवं घेतलं. ‘का’चा स्वर जुन्या ‘का’शी ठेवून पातळी जुळवली, नवा थोडा मोठा होता. ‘जरा’नंतरची फट मोजली तर मूळची ६४ मिलिसेकंद निघाली, तेवढीच ठेवली. पाऊस पुढच्या परिच्छेदाच्या शेवटातून घेतला.

मग मुलाला डोळे मिटून बसवलं. आधीपासून दीड मिनिट लावलं आणि सांगितलं, काही खटकलं की बोट वर कर. एकदा त्याने बोट वर केलं ते मी हातही न लावलेल्या जागी, माझा श्वास मोठा आला होता तिथे. दुसऱ्यांदा नेमकं ‘रा’वर! म्हणाला, “कुणीतरी टिचकी मारली.” Spectrogram मोठं करून बघितलं तर खरंच, उचललेल्या पावसात एक उभी बारीक रेघ. छज्ज्यावर पडलेला थेंब.

कानकोंडा

थेंब बघून घ्या म्हटलं होतं.

मृद्गंध

बघितलं होतं, दिसला नाही. माझ्या चष्म्याचा नंबर वेगळा आणि मुलाच्या कानाचा वेगळा. तुकडा दोनशे मिलिसेकंद पुढे सरकवला, थेंब बाहेर गेला. परत ऐकवलं, बोट वर आलं नाही. फाइल पाठवून आठ दिवस झाले, कंपनीकडून काही आलेलं नाही. त्यांच्याकडे काही न येणं म्हणजे होकार.

मला मात्र अजून ऐकू येतं. कदाचित माहीत आहे म्हणून.

रिळवाले_काका

लंगडतं ना थोडं?

मृद्गंध

काका, थोडं. ‘तत्काळ’ किंचित घाईत आहे.

कानकोंडा

काका जिंकले असं कुणी लिहू नका.

हडसनकाठचा

इकडे १२० आणि १८० च्या रेघा काढल्या. सूर बदलणं थांबलं, पण आता दुरुस्तीच्या जागी मी सर्दी झाल्यासारखा बोलतोय. पुढच्या वर्षी सांगलीला जाईन तेव्हा तीन ओळी तिथेच वाचेन म्हणतो. तोवर माझ्या काकांना फाइल पाठवली आहे. ऐकून म्हणाले, “तब्येत सांभाळ रे.”

गॅलरीतली_तुळस

डिसेंबर आला. पंखा बंद आहे. आता टाळांचं काय करायचं ते सांगा, एक टाळ सारखा पुढे येतो.